इटालियन पत्रे आणि व्हिजिटिंग कार्डांवरील उपाध्या व संक्षेप: मराठी भाषांतराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, रांजणगाव, बारामती या पट्ट्यात इटालियन वाहन आणि यंत्र कंपन्यांशी व्यवहार करणारी मंडळी बरीच आहेत आणि इटलीतील विद्यापीठांत शिकणारे मराठी विद्यार्थीही आहेत. या दोघांच्या हाती पडणाऱ्या इटालियन कागदांवर नावाच्या आगेमागे संक्षेपांची मोठी रांग असते. तिचे भाषांतर शब्दकोश उघडून शब्दाला शब्द ठेवून केले, तर पदवीधराचा वैद्य होतो, भागीदारी संस्थेची मर्यादित कंपनी होते आणि लेखापरीक्षकाचा महापौर होतो. म्हणून प्रत्येक संक्षेपापाशी आधी एकच गोष्ट पाहावी: हा शब्द केवळ आदर दाखवतो, व्यक्तीची पात्रता सांगतो, की कायदेशीर जबाबदारी ठरवतो? आदराच्या शब्दाला मराठी रीतीचा शब्द द्यावा, पात्रतेचा अर्थ उलगडून सांगावा आणि कायदेशीर रूप आहे तसे ठेवावे. खालील उत्तरे याच भेदावर उभी आहेत.

कार्डावर `Dott.` किंवा `Dott.ssa` असेल, तर ती व्यक्ती डॉक्टर समजावी का?

केवळ तेवढ्यावरून समजू नये. ‘दोत्तोरे’ आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘दोत्तोरेस्सा’ ही इटलीत विद्यापीठाची पदवी मिळवलेल्या कोणाचीही उपाधी आहे. पदवी अर्थशास्त्राची असो, साहित्याची असो वा शेतकीची, उपाधी तीच राहते. २००४ च्या मंत्रालयीन नियमावलीने याची स्पष्ट उतरंड लावून दिली आहे. तीन वर्षांची ‘लाउरेआ’ पूर्ण करणारा दोत्तोरे, त्यापुढची ‘लाउरेआ माजिस्त्राले’ पूर्ण करणारा दोत्तोरे माजिस्त्राले आणि संशोधन पदवी घेणारा दोत्तोरे दि रिचेर्का. आपण ज्याला पीएच.डी. म्हणतो ती पातळी या तिसऱ्याची आहे. ही संशोधन पदवी इटलीत १९८० साली सुरू झाली, म्हणजे दोत्तोरे ही उपाधी तिच्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. त्यामुळे दोत्तोरे या शब्दात संशोधनाचा अर्थ मुळातच नाही.

व्यक्ती वैद्यकीय व्यवसायातील आहे की नाही, हे कार्डावरच्या दुसऱ्या ओळीवरून कळते. तेथे ‘मेदिको किरुर्गो’ किंवा एखाद्या वैद्यकीय शाखेतील विशेषज्ञतेचा उल्लेख असतो. संशोधन पदवी असल्यास बहुधा `PhD` किंवा `Dott. Ric.` असे वेगळे लिहिलेले असते. यांपैकी काहीच नसेल, तर समोरची व्यक्ती पदवीधर आहे एवढाच अर्थ घ्यावा.

मग मराठीत काय लिहावे? उपाधी गाळली तर अपमान होणार नाही का?

मराठी वाचकासाठी ‘डॉ.’ या अक्षराचे दोनच अर्थ आहेत, वैद्य किंवा विद्यावाचस्पती. म्हणून रोजच्या व्यापारी पत्रात साध्या पदवीधर दोत्तोरेसाठी ‘श्री.’ आणि दोत्तोरेस्सासाठी ‘श्रीमती’ लिहावे. यात अपमान नाही, कारण मूळ पत्रातही ती उपाधी आदरार्थीच वापरलेली असते आणि तो आदर मराठीत ‘श्री.’, ‘श्रीमती’ आणि आदरार्थी क्रियापद मिळून पूर्णपणे पोहोचवतात. उलट ‘डॉ.’ लिहिल्याने नसलेली पात्रता त्या माणसाच्या नावावर चढते. पुढे बैठकीत कोणी त्यांना संशोधनाचा विषय विचारला, तर अवघडलेपण दोन्ही बाजूंना येते.

प्रमाणित भाषांतराची गोष्ट वेगळी आहे. न्यायालय, बँक किंवा विद्यापीठासाठी केलेल्या भाषांतरात मूळ मजकुरातील काहीही गाळता येत नाही. तेथे ‘दोत्तोरे’ असे देवनागरीत लिहून पानाच्या तळाशी ‘इटलीतील विद्यापीठ पदवीधराची उपाधी’ अशी अनुवादकाची टीप द्यावी.

मी इटलीत तीन वर्षांची पदवी घेतली आहे. भारतात नावापुढे ‘डॉ.’ लावता येईल का?

येणार नाही, कारण ती पदवी संशोधनाची नाही आणि भारतातील वाचक ‘डॉ.’चा अर्थ तसाच घेईल. इटलीत असताना आपल्याला विद्यापीठ किंवा कार्यालय ‘दोत्तोरे’ म्हणून संबोधते आणि तेथे ते योग्यही आहे. भारतीय अर्जात मात्र पदवीचे इटालियन नाव, विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाची वर्षे लिहावीत.

`Avv.` साठी मराठीतला ‘ॲड.’ वापरावा का?

‘आव्होकातो’ हे इटलीत संरक्षित व्यावसायिक नाव आहे. कायद्याची पदवी, त्यानंतर अठरा महिन्यांची उमेदवारी, मग राज्य परीक्षा आणि शेवटी स्थानिक वकील नोंदवहीत, म्हणजे ‘आल्बो’मध्ये नाव, असा हा मार्ग आहे. २०१२ च्या वकिली कायद्यानुसार ही उपाधी लावण्याचा अधिकार अशी नोंद असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींना आणि सरकारच्या स्वतःच्या वकिलांनाच आहे. तेव्हा अर्थाच्या दृष्टीने ‘वकील’ हा शब्द अगदी योग्य बसतो.

‘ॲड.’ मात्र मी टाळण्यास सांगतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात नावाआधी ‘ॲड.’ दिसले, की ती व्यक्ती भारतातील राज्य बार कौन्सिलकडे नोंदलेली आहे आणि येथील न्यायालयात उभी राहू शकते, असा अर्थ वाचक घेतो. ‘श्रीमती मारिया बियांकी, वकील (इटली)’ असे लिहिल्यास ही गल्लत होत नाही.

एक बारीक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वकिली कचेरीच्या पत्रशीर्षावर काही नावांपुढे `Avv.` आणि काहींपुढे नुसते `Dott.` असते. ही दुसरी मंडळी बहुधा कायद्याची पदवी घेऊन उमेदवारी करत असतात, त्यांना मराठीत वकील म्हणू नये. बोलण्यात मात्र हा शब्द अधिक सैल आहे. फियाटचे जानी आन्येल्ली यांनी तोरिनोमध्ये कायद्याची पदवी घेतली, वकिली कधी केली नाही, तरी सारी इटली त्यांना ‘लाव्होकातो’ म्हणत असे. अशा मजकुरात तो शब्द टोपणनाव म्हणून तसाच ठेवावा.

याच ठिकाणी ‘नोताइओ’विषयीही सांगितले पाहिजे. आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारून देणारा नोटरी आणि इटलीचा नोताइओ यांच्यात फार अंतर आहे. स्थावर मालमत्तेचे खरेदीखत, कंपनीचे स्थापनापत्र, भागभांडवलातील बदल हे दस्त तो स्वतः तयार करतो, त्यांची कायदेशीरता तपासतो आणि ते नोंदणीस पाठवतो. तो सार्वजनिक अधिकारी असतो. नुसते ‘नोटरी’ लिहिले तर दस्ताचे वजन मराठी वाचकाला कमी वाटते. म्हणून ‘नोताइओ (दस्त करणारा सार्वजनिक अधिकारी)’ असे एकदा लिहून पुढे ‘नोताइओ’ हाच शब्द चालवावा.

`Ing.`, `Arch.`, `Geom.`, `Rag.` यांचे काय करावे?

पहिले दोन सोपे आहेत, अभियंता आणि वास्तुविशारद. या व्यवसायांसाठीही राज्य परीक्षा आणि नोंदवही आहे. तीन वर्षांच्या पदवीवर परीक्षा देणारा ‘इन्जेन्येरे युनिओर’ असतो आणि तो शब्द गाळता येत नाही, कारण त्याच्या कामाची व्याप्ती मर्यादित असते. `Dott. Ing.` असे जोडनाव दिसल्यास ‘अभियंता’ एवढेच पुरते.

‘जेओमेत्रा’ मात्र नेहमी चुकतो. तो भूमितीचा शिक्षक नाही. जमीन मोजणी, नकाशे, लहान इमारतींचे आराखडे आणि बांधकामावरील देखरेख ही त्याची कामे असून परंपरेने त्याची पात्रता तांत्रिक माध्यमिक शाळेच्या पदविकेवर आधारलेली आहे. ‘मोजणी व बांधकाम तंत्रज्ञ’ हे मला सर्वांत जवळचे वाटते. ‘राजोनिएरे’ म्हणजे वाणिज्य शाखेचा पदविकाधारक हिशेबनीस. त्याला सनदी लेखापाल म्हणू नये. ‘सनदी लेखापाल’ हा शब्द हिशेब व कर सल्लागाराच्या, म्हणजे ‘कोम्मेर्चालिस्ता’च्या अधिक जवळ जातो, आणि तेथेही ‘इटलीतील’ हे विशेषण जोडावे.

`Spett.le`, `Egr.`, `Gent.ma` हे शब्द भाषांतरात कसे आणावेत?

हे शब्द निव्वळ आदराचे आहेत. ‘स्पेत्ताबिले’चा शब्दार्थ ‘आदरणीय’ असला, तरी तो व्यक्तीला लावत नाहीत. कंपनी, संस्था, कार्यालय यांनाच लावतात. मराठी व्यापारी पत्रात हेच काम ‘मे.’ करते. म्हणून `Spett.le Alfa S.r.l.` याचे ‘प्रति, मे. आल्फा एस.आर.एल.’ होते. ‘आदरणीय आल्फा एस.आर.एल.’ असे लिहिल्यास कंपनी ही कोणी वडीलधारी व्यक्ती असल्यासारखे वाटते. पत्र नगरपालिकेला किंवा वाणिज्य दूतावासाला असेल, तर ‘मे.’ही शोभत नाही. तेथे नुसते ‘प्रति’ आणि कार्यालयाचे नाव लिहावे.

‘एग्रेजो’ पुरुषासाठी, ‘जेन्तिलिस्सिमा’ स्त्रीसाठी, ‘कियारिस्सिमो’ विद्यापीठातील प्राध्यापकासाठी आणि ‘मान्यीफिको’ विद्यापीठाच्या रेक्टरसाठी वापरतात. यांचे ‘अतिप्रसिद्ध’, ‘भव्य’ असे शब्दार्थ पत्रात आणू नयेत. आपण ‘रा. रा.’ वाचताना राजमान्यतेचा विचार करत नाही, तसेच इटालियन वाचकही या शब्दांच्या मूळ अर्थापाशी थांबत नाही. पत्त्यात ‘श्री.’, ‘श्रीमती’ किंवा ‘मा.’ आणि मायन्यात ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ पुरेसे आहे.

संक्षेपावरून व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे कसे ओळखावे?

मराठीत ‘आले’ की ‘आल्या’ हे ठरवावेच लागते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इटालियन संक्षेपात शेवटची अक्षरे बहुधा शाबूत ठेवतात आणि तीच लिंग व वचन सांगतात. `Dott.ssa`, `Prof.ssa`, `Sig.ra`, `Gent.ma` ही स्त्रीलिंगी रूपे आहेत. `Sigg.`, `Dott.ri`, `Avv.ti` ही अनेकवचने आहेत. `Avv.`, `Ing.`, `Arch.` यांवरून मात्र काहीच कळत नाही, कारण ते संक्षेप दोघांसाठी सारखेच वापरले जातात.

अशा वेळी पहिल्या नावावरून अंदाज करताना सावध राहावे. आंद्रेआ, निकोला, लुका आणि सिमोने ही इटलीत पुरुषांची नावे आहेत. आपल्या कानाला ‘आ’कारान्त नाव स्त्रीचे वाटते आणि ‘श्रीमती आंद्रेआ’ लिहिले जाते. पत्रात ‘एग्रेजो’ असेल तर पुरुष नक्की. तेही नसेल, तर त्यांच्या कार्यालयाला विचारून घ्यावे.

`S.r.l.` म्हणजे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे लिहिले तर काय बिघडते?

कंपनीचे कायदेशीर रूप हा तिच्या नावाचा भाग आहे. ते बदलले तर नावच बदलते. ‘आल्फा प्रायव्हेट लिमिटेड’ नावाची कंपनी इटलीच्या उद्योग नोंदवहीत सापडणार नाही. भारताच्या नोंदीत मात्र त्याच नावाची भलतीच कंपनी सापडू शकते. करारात, बीजकात आणि बँकेच्या कागदात म्हणून ‘एस.आर.एल.’ तसेच ठेवावे आणि गरज असल्यास पहिल्या उल्लेखात ‘इटालियन मर्यादित दायित्व कंपनी’ असा खुलासा जोडावा. शिवाय आशयातही फरक आहे. एस.आर.एल.चे भांडवल समभागांत विभागलेले नसते. सदस्यांचे हिस्से असतात आणि त्यांना ‘क्वोते’ म्हणतात. समभागांची कंपनी म्हणजे `S.p.A.`, जिचे किमान भांडवल २०१४ पासून ५०,००० युरो आहे. एस.आर.एल.च्या दस्तात ‘शेअर’ लिहिणे म्हणूनच चूक ठरते.

सर्वांत धोकादायक चूक वेगळीच आहे. `S.n.c.` आणि `S.a.s.` यांनाही काही अनुवादक ‘लि.’ लावून मोकळे होतात. एस.एन.सी.मध्ये सर्व भागीदार कर्जांना स्वतःच्या मालमत्तेसह आणि संयुक्तपणे जबाबदार असतात. एस.ए.एस.मध्ये भागीदारांचे दोन वर्ग असतात. ‘आकोमान्दातारी’ अमर्याद जबाबदार असतात, तर ‘आकोमान्दान्ती’ गुंतवलेल्या रकमेपुरतेच. उधारी देणाऱ्या मराठी व्यापाऱ्यासाठी हा सारा व्यवहाराचा पाया आहे आणि ‘लि.’ या दोन अक्षरांनी तो उलटा होतो.

एकाच संक्षेपाचे दोन अर्थ असतात का?

असतात, आणि ते पानावरच्या जागेवरून ओळखावे लागतात. `snc` कंपनीच्या नावामागे आले तर भागीदारी संस्था. रस्त्याच्या नावामागे, घरक्रमांकाच्या जागी आले तर ‘सेन्झा नूमेरो चिव्हिको’, म्हणजे त्या इमारतीला घरक्रमांक नाही. `c.a.` पत्त्यात आले तर ‘यांच्या लक्षवेधार्थ’. तारखेमागे आले तर ‘चालू वर्षी’. `P.I.` करक्रमांकाआधी आले तर ‘पार्तिता इवा’. व्यक्तीच्या नावाआधी आले तर ‘पेरितो इन्दुस्त्रिआले’, म्हणजे औद्योगिक तंत्रज्ञ.

पदनामांत कोणते शब्द फसवतात?

‘दिरेत्तोरे’ हा कंपनीचा संचालक नसून व्यवस्थापक असतो. संचालकाला ‘आम्मिनिस्त्रातोरे’ किंवा ‘कोन्सिल्येरे’ म्हणतात. त्यामुळे ‘आम्मिनिस्त्रातोरे उनिको’ म्हणजे एकमेव संचालक आणि ‘आम्मिनिस्त्रातोरे देलेगातो’ म्हणजे व्यवस्थापकीय संचालक. येथे ‘प्रशासक’ हा शब्द घातला, तर कंपनी सरकारने ताब्यात घेतल्यासारखे मराठीत वाटते. ‘सिन्दाको’ गावाच्या संदर्भात महापौर असतो, पण कंपनीच्या कागदावर तो वैधानिक देखरेख मंडळाचा सदस्य असतो. ‘प्रोकुरातोरे’ व्यापारी पत्रात मुखत्यार, तर फौजदारी प्रकरणात सरकारी अभियोक्ता.

`Cav.` आणि `Comm.` हे मात्र पद नसून राष्ट्रीय सन्मान आहेत. इटालियन प्रजासत्ताकाचा गुणवत्ता सन्मान १९५१ च्या कायद्याने स्थापन झाला. काव्हालिएरे ही त्यातील पहिली पायरी आणि कोम्मेन्दातोरे ही तिसरी. ‘सर’ हे भाषांतर ब्रिटिश परंपरेचे आहे, ते येथे लागू होत नाही.

एक पूर्ण नमुना सोडवून दाखवाल का?

खालील नावे इटलीतील पाठ्यपुस्तकी नमुन्यांसारखी काल्पनिक आहेत.

```
Spett.le Alfa S.r.l. unipersonale
Via Roma snc
Cap. Soc. € 10.000,00 i.v.
c.a. Egr. Dott. Mario Rossi,
     Amministratore Unico
e p.c. Avv. Maria Bianchi
```

पहिली ओळ ‘प्रति, मे. आल्फा एस.आर.एल. (एकल सदस्य कंपनी)’ अशी होते. ‘उनिपेर्सोनाले’ गाळू नये, कारण एकच सदस्य असल्याचे पत्रव्यवहारात सांगणे इटालियन दिवाणी संहितेने बंधनकारक केले आहे. दुसरी ओळ ‘व्हिया रोमा, घरक्रमांक नाही’. येथे ‘व्हिया रोमा’चे ‘रोम मार्ग’ करू नये, नाहीतर टपाल पोहोचणार नाही. पाकिटावर तर पत्ता रोमन लिपीतच हवा.

तिसरी ओळ ‘भागभांडवल १०,००० युरो, पूर्ण भरणा झालेले’. इटालियन पद्धतीत हजारांनंतर टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो. तो तसाच उतरवला, तर दहा हजारांचे दहा युरो होतात. `i.v.` म्हणजे ‘इन्तेरामेन्ते व्हेर्सातो’. सामान्य एस.आर.एल. स्थापनेच्या वेळी रोख भांडवलाचा चौथा हिस्सा भरून सुरू होऊ शकते, तर एकल सदस्य कंपनीला संपूर्ण रक्कम भरावी लागते. म्हणून ही दोन अक्षरे पहिल्या ओळीतील ‘उनिपेर्सोनाले’शी जुळतात का, हे पाहून कागदाची खातरजमाही करता येते.

पुढील ओळी ‘श्री. मारिओ रोस्सी, एकमेव संचालक, यांच्या लक्षवेधार्थ’ आणि ‘माहितीसाठी प्रत: श्रीमती मारिया बियांकी, वकील (इटली)’ अशा होतात.

उत्तर इटालियनमध्ये पाठवायचे असल्यास उपाध्या कोणत्या लावाव्यात?

त्यांनी स्वतःच्या सहीखाली जी उपाधी छापली आहे तीच लावावी, म्हणजे कमीही होत नाही आणि जास्तही होत नाही. मराठीत गाळलेले `Dott.` येथे परत यायला हवे. उपाधी पूर्ण लिहिताना नावाआधी शेवटचा स्वर गळतो, म्हणून ‘दोत्तोर रोस्सी’, ‘इन्जेन्येर रोस्सी’, पण ‘आव्होकातो’ मात्र पूर्णच राहतो. स्त्रीला पत्र लिहिताना ‘एग्रेजा’ टाळून ‘जेन्तिले’ वापरावे. उपाधी ठाऊक नसेल तर `Gentile Sig.` किंवा `Gentile Sig.ra` आणि आडनाव, एवढे औपचारिक पत्राला चालते.